पीजीच्या काउन्सेलिंग आणि प्रवेशासाठी कॉलेजकडे रजेचा अर्ज : किती दिवस मागायचे, काय लिहायचं

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेटच्या स्कोअरवर सीसीएमटीच्या पहिल्या राउंडला सुरतकलच्या एनआयटीत एम.टेक.ची जागा मिळाली. मी फ्लोट ठेवलंय. प्रत्यक्ष रिपोर्टिंग ९ ते ११ जुलै आहे आणि आमच्या प्रोजेक्ट गटाची तोंडी परीक्षा १० जुलैला लागलीये. त्यानंतर १८ जुलैपर्यंत अहवाल जमा करणं, नो ड्यूज वगैरेसाठी कॉलेजने सगळ्यांना हजर राहायला सांगितलंय. मी काउन्सेलिंगसाठी २० जून ते १५ जुलै अशी रजा मागणार आहे. अर्ज कसा लिहू? टीसी आणि बाकीचे दाखले त्याच अर्जात मागितले तर चालेल का?

उत्तर :

२६ दिवसांची रजा मागू नका. विभागप्रमुख पहिला प्रश्न हाच विचारतील की काउन्सेलिंग ऑनलाइन असताना एवढे दिवस कशाला. त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल, आणि मग खरोखर लागणारे तीन दिवसही अडकतील. टीसी या अर्जात अजिबात नको. ती मागायची वेळच अजून आलेली नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी दिवसांचा हिशोब करू. सीसीएमटीत पर्याय भरणं, जागावाटप पाहणं, जागा स्वीकारण्याची फी भरणं आणि कागदपत्रं अपलोड करणं हे सगळं तुम्ही आहात तिथून होतं. फ्लोट म्हणजे मिळालेली जागा हातात ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहणं, मग ती कुठल्याही संस्थेतली असो. स्लाइडमध्ये त्याच संस्थेतल्या वरच्या शाखेची वाट पाहता येते. फ्रीझ केलं की हीच जागा पक्की. तिन्हींपैकी काहीही निवडलं तरी राउंड चालू असताना सुरतकलला जावं लागत नाही.

राउंडच्या काळात अडचण येते ती एकाच ठिकाणी. अपलोड केलेल्या कागदावर पडताळणी अधिकाऱ्याने शंका काढली, तर उत्तर द्यायला फार थोडा वेळ मिळतो आणि मुदतीत उत्तर गेलं नाही तर जागा रद्द होते. ओबीसीतून अर्ज असेल तर बहुतेक वेळा शंका नॉन-क्रीमी लेयर दाखल्यावर येते. राज्याच्या नमुन्यातला दाखला इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला आणि त्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेला लागतो. तो दुरुस्त करून घ्यायला तालुक्याच्या गावी जावं लागलं तर एक दिवस जाईल. पण तो दिवस आधी सांगता येत नाही, म्हणून आजच्या अर्जात त्याची रजा मागू नका. तशी वेळ आलीच तर शंकेचा स्क्रीनशॉट जोडून त्याच दिवशी एका दिवसाची तातडीची रजा मागा. ती सहसा नाकारली जात नाही. राउंडच्या दिवसांत रोज सकाळ-संध्याकाळ लॉगिन करून पाहायचं मात्र सोडू नका.

म्हणजे प्रत्यक्ष हजेरी लागते ती फक्त रिपोर्टिंगला, आणि तिथेच तुमची खरी गाठ आहे : ९ ते ११ जुलैला सुरतकल आणि १० जुलैला तोंडी परीक्षा. ही गाठ रजेने सुटत नाही, कारण रजा मंजूर झाली तरी बहिस्थ परीक्षक तुमच्यासाठी पुन्हा येणार नाहीत. शिवाय अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी हमीपत्र घेतलं जातं की अमुक तारखेपर्यंत पदवीच्या सगळ्या परीक्षा पूर्ण झालेल्या असतील. ती तारीख यंदाच्या माहितीपुस्तिकेत शब्दशः वाचा. त्यात लेखीबरोबर प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा धरल्या आहेत का ते पाहा. धरल्या असतील, तर तोंडी परीक्षा रिपोर्टिंगच्या आधी होणं ही सोयीची बाब राहत नाही, ती प्रवेशाची अटच होते.

तारखा मांडून बघा. रत्नागिरीहून सुरतकलला रात्रीची मत्स्यगंधा एक्स्प्रेस सोयीची. ती दोन्ही स्थानकांवर थांबते आणि सकाळी पोहोचवते. तोंडी परीक्षा १० तारखेलाच राहिली तर १०च्या रात्री निघून ११च्या सकाळी, म्हणजे रिपोर्टिंगच्या शेवटच्या दिवशी, तुम्ही दारात असाल. कागदावर हे जमतं. पण जुलैत कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर धावते, वेग कमी ठेवलेला असतो आणि दरड आली की गाडी तासन्‌तास खोळंबते. शेवटच्या दिवशी एखादा कागद कमी निघाला तर तो मिळवायला वेळच उरत नाही. उलट बाजूने विचार केला, ८च्या रात्री निघून ९ला रिपोर्टिंग आणि १०च्या सकाळी परत, तर परतीची मत्स्यगंधा तिकडून दुपारीच सुटते. पहिल्या दिवशीच्या गर्दीत तोवर सगळं आटोपेल असं धरून चालता येणार नाही. दोन्ही वाटा जोखमीच्या आहेत.

तिसरी वाट आहे. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला सहसा एकच दिवस नसतो. विभागाला काही दिवसांची मुदत असते आणि त्यात गटांना दिवस वाटून दिलेले असतात. तुमच्या विभागात ती ६ ते ११ जुलै आहे असं धरू. तुमचा गट ६ किंवा ७ तारखेला घेतला तर कुणाचंच नुकसान नाही. परीक्षक तेच, मुदत तीच, फक्त क्रम बदलतो. पण प्रोजेक्ट चौघांचा असतो आणि क्रम बदलला की बाकी तिघांचाही दिवस बदलतो. म्हणून क्रम बदलण्याच्या अर्जावर तिघांच्या संमतीच्या सह्या घ्या, आणि ज्या गटाशी अदलाबदल होणार आहे त्या गटप्रमुखाचीही. या चार सह्या नसल्या की अर्ज ‘चर्चा करू’ या शेऱ्यावर पडून राहतो. सह्या असल्या तर विभागप्रमुखांना ठरवायला काही उरतच नाही, फक्त तक्ता बदलायचा. हा अर्ज रजेच्या अर्जाआधी, आजच द्या, कारण परीक्षकांना तक्ता कळवून झाला की तो हलवणं अवघड होतं.

तर कागद तीन करा आणि प्रत्येकात एकच मागणी ठेवा. कारण सरळ आहे. तोंडी परीक्षेचा क्रम विभागात ठरतो, रजा प्राचार्यांच्या सहीने मंजूर होते आणि दाखले विद्यार्थी विभागातून निघतात. तिन्ही मागण्या एका कागदावर आल्या की तो कागद पहिल्या टेबलावरच्या फाइलला लागतो आणि पुढच्या दोन टेबलांना कळतही नाही.

पहिला कागद क्रम बदलण्याचा. तो चार ओळींत संपतो :

> विषय : प्रोजेक्ट तोंडी परीक्षेचा दिवस गट क्र. ३ बरोबर बदलून मिळण्याबाबत.
>
> आमच्या गट क्र. ७ ची तोंडी परीक्षा दि. १० जुलै रोजी आहे. गटातील एका सदस्याला दि. ९ ते ११ जुलै या मुदतीत एम.टेक. प्रवेशासाठी दुसऱ्या शहरातील संस्थेत प्रत्यक्ष हजर राहायचे आहे. गट क्र. ३ ची परीक्षा दि. ६ जुलै रोजी असून त्या गटाची अदलाबदलीस संमती आहे. गट क्र. ७ मधील इतर सदस्यांच्या व गट क्र. ३ च्या गटप्रमुखाच्या संमतीच्या सह्या खाली आहेत. तरी आमची परीक्षा दि. ६ जुलै रोजी घेण्यात यावी, ही विनंती.

संस्थेचं नाव इथे मुद्दाम घातलेलं नाही. तुम्ही फ्लोटवर आहात, पुढच्या राउंडला सुरतकलऐवजी वरची पसंती लागू शकते, मग ती वरंगल असेल किंवा नागपूर. संस्था बदलली तरी प्रत्यक्ष हजेरीची गरज राहते आणि हा अर्ज खोटा ठरत नाही. मात्र नव्या संस्थेची रिपोर्टिंगची मुदत तीच आहे का, हे जागावाटपाच्या पत्रात लगेच पाहायला हवं.

रजेचा अर्ज त्याच कारणाने आज देऊ नका. आज फक्त प्रोजेक्ट मार्गदर्शकांना तोंडी कल्पना द्या आणि तशीच एक ईमेल पाठवा. रजेचा अर्ज शेवटच्या राउंडचं वाटप हाती आल्यावर, वाटपाच्या पत्रासह द्या. ‘जागा मिळण्याची शक्यता आहे’ या वाक्यावर रजा मंजूर करायला कुणी सहजी तयार होत नाही. वाटपाचं पत्र जोडलेलं असलं की शंकेला जागा राहत नाही. तिकीट मात्र आत्ताच काढून ठेवा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ७ जुलैचं ते केव्हाच सुरू झालंय. संस्था बदलली तर रद्द करता येईल. तत्काळवर विसंबू नका.

जागा सुरतकललाच पक्की झाली आणि तोंडी परीक्षा ६ तारखेला सरकली, तर मुक्काम असा होतो : ७ जुलैच्या रात्री निघणं, ८ला सकाळी पोहोचणं, ९ला पहिल्याच दिवशी रिपोर्टिंग, १०ला दुपारची परतीची गाडी आणि ११ला कॉलेजात हजर. गाडी उशिरा गेली तर ८ तारीख तो उशीर पोटात घेते. एखादा कागद राहिला तर तो मिळवायला १०ची सकाळ आहे. फारच अडलं तर ११ हा रिपोर्टिंगचा शेवटचा दिवस शिल्लक राहतो, पण तेव्हा कॉलेजला एक दिवस वाढल्याचं तिथूनच कळवावं लागेल. मंजुरी मागायची ती तीनच दिवसांची : ८, ९, १०. अर्ज असा :

> दि. ३ जुलै २०__
>
> प्रति,
> मा. प्राचार्य,
> (महाविद्यालयाचे नाव व गाव)
>
> मार्फत : १) प्रोजेक्ट मार्गदर्शक २) मा. विभागप्रमुख
>
> विषय : एम.टेक. प्रवेशासाठी प्रत्यक्ष हजर राहण्याकरिता दि. ८ ते १० जुलै अशी तीन दिवसांची रजा मिळण्याबाबत.
>
> महोदय / महोदया,
>
> मी मेकॅनिकल विभागात अंतिम वर्षात (हजेरी क्र. __) शिकत आहे. सीसीएमटीच्या शेवटच्या फेरीत मला राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, सुरतकल (कर्नाटक) येथे एम.टेक. प्रवेशाची जागा मिळाली आहे. मूळ कागदपत्रांची तपासणी व उर्वरित शुल्क भरणे यासाठी दि. ९ ते ११ जुलै या मुदतीत तेथे स्वतः हजर राहणे बंधनकारक आहे. मुदतीत हजर न राहिल्यास जागा रद्द होईल.
>
> माझ्या गटाची प्रोजेक्ट तोंडी परीक्षा दि. ६ जुलै रोजी ठरली असून त्या दिवशी मी उपस्थित राहणार आहे. दि. ७ जुलै रोजी महाविद्यालयातील काम संपल्यावर रात्रीच्या रेल्वेने निघून दि. ९ जुलै रोजी प्रवेशाची प्रक्रिया पूर्ण करीन व दि. ११ जुलै रोजी महाविद्यालयात हजर होईन. अहवालाच्या बांधीव प्रती व नो ड्यूजचे काम दि. १८ जुलैच्या मुदतीत पूर्ण करीन.
>
> तरी दि. ८, ९ व १० जुलै अशी तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.
>
> आपला / आपली विश्वासू,
> (सही, नाव, मोबाइल क्रमांक)
>
> सोबत : १) जागावाटपाचे पत्र २) रिपोर्टिंगच्या सूचनांचे पान ३) तोंडी परीक्षेचा सुधारित तक्ता ४) रेल्वे तिकिटाची प्रत

यात दुसरा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक अर्जांत नेमका तोच नसतो. मुलं स्वतःची गरज सविस्तर लिहितात, पण मंजुरी देणाऱ्याच्या मनातला प्रश्न वेगळा असतो : हा गेला तर आमचं कोणतं काम अडेल? परीक्षा कधी झाली, काय राहिलं, ते कधी पूर्ण होणार, याचं उत्तर तारखांसह दिलं की सही करणं सोपं होतं. ‘जागा रद्द होईल’ हे वाक्यही असू द्या, पण सोबतच्या पानावर ती सूचना जिथे छापलेली आहे तिथे पेनाने खूण करा. पान उघडून शोधायला कुणाला वेळ नसतो. ‘सुमारे आठ-दहा दिवस’, ‘प्रवेशाच्या कामानिमित्त’, ‘गरजेनुसार रजा वाढवून मिळावी’ असलं काही लिहू नका. शेवटचं वाक्य वाचलं की मागितलेले तीन दिवसही संशयास्पद वाटू लागतात. मूळ कागद वाटपाच्या पत्राचा असो की गेटच्या स्कोअरकार्डचा, अर्जाला फक्त प्रत जोडा. आणि कुणी पडताळणीसाठी मागितला तरी काउन्सेलिंगच्या खात्याचा पासवर्ड देऊ नका. त्या खात्यातून जागा सोडूनही देता येते.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती पोच म्हणून स्वतःकडे ठेवा. मार्गदर्शक आणि विभागप्रमुखांच्या शिफारशीच्या सह्या आधी झालेल्या असल्या पाहिजेत. नाहीतर प्राचार्यांकडून अर्ज ‘विभागप्रमुखांचे मत घ्यावे’ या शेऱ्यासह उलटा फिरतो आणि दोन दिवस तिथेच जातात. मंजुरीही तोंडी नको, शेरा अर्जावर लिहून घ्या. अजून एक : रजा मंजूर होणं म्हणजे त्या दिवसांची हजेरी लागणं नव्हे. रजेमुळे गैरहजेरीला कारण मिळतं, पण ती गैरहजेरी मोजली जातेच. तुमची टर्म आधीच ग्रँट झालेली असेल तर तीन दिवसांनी फरक पडणार नाही. हजेरी काठावर असेल तर अर्जाआधी विभागाच्या लिपिकांकडे आकडा पाहून घ्या.

तिसरा कागद विद्यार्थी विभागाला. रिपोर्टिंगला लागतील ते दोन दाखले त्यात मागा : बोनाफाइड आणि अंतिम वर्षाच्या परीक्षा दिल्याचं संस्थाप्रमुखांचं प्रमाणपत्र. दुसऱ्या प्रमाणपत्राचा नमुना काउन्सेलिंगच्या किंवा संस्थेच्या सूचनांत दिलेला असेल तर तोच छापून घेऊन जा. कॉलेजच्या स्वतःच्या नमुन्यात ‘विद्यार्थी शिकत आहे’ एवढंच असतं, आणि तिकडे हवं असतं ते ‘सर्व परीक्षा दिल्या, निकाल बाकी’. हे प्रमाणपत्र ६ तारखेच्या तोंडी परीक्षेनंतरच खऱ्या अर्थाने देता येतं. म्हणून अर्ज आधी देऊन ठेवा आणि प्रमाणपत्र ७ला सकाळी ताब्यात घ्या. तिथे गेल्यावर चूक सापडली तर दुरुस्तीसाठी परत येता येणार नाही, तेव्हा टेबलावरच नाव, गुणपत्रिकेवरचं स्पेलिंग, शाखा आणि वर्ष तपासा.

टीसीचं कारण आता कळेल. टीसी काढली की हजेरीपटावरून नाव कमी होतं, आणि तुमचा शेवटचा निकाल, नो ड्यूज, प्रोजेक्टचे गुण हे सगळं अजून व्हायचंय. टीसी आणि विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र निकालानंतर काढा. रिपोर्टिंगला ती नसतील तर संस्थेच्या नमुन्यात हमीपत्र देऊन ती नंतर जमा करता येतात का, आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे सूचनांच्या पानावर पाहा. बारावीची किंवा डिप्लोमाची मूळ गुणपत्रिका कॉलेजकडे जमा असेल, तर ती मात्र याच तिसऱ्या अर्जात मागून घ्या. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं संस्थेने स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीने २०१८च्या अधिसूचनेत स्पष्ट केलंय. शांतपणे एवढं सांगितलं तरी काम होतं.

तोंडी परीक्षेचा दिवस बदलायला विभाग तयार झालाच नाही, तर सुरतकलच्या प्रवेश विभागाला संस्थेच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर ईमेल करा : १०ची परीक्षा आहे, ११ला सकाळी पोहोचतो, गाडीला उशीर झाल्यास काय करावं. सोबत परीक्षेचा तक्ता जोडा. सवलत मिळाली तर लेखीच घ्या. फोनवरचं ‘या, बघू’ मुदत संपल्यावर उपयोगी पडत नाही. मग रजा फक्त ११ची आणि परतीच्या प्रवासाची मागायची.

परत आल्यावर त्याच दिवशी एक ओळीचं हजर झाल्याचं पत्र आणि प्रवेश शुल्काच्या पावतीची प्रत विभागात द्या, आणि रजेच्या मंजूर अर्जाला ती जोडून घ्या. १८ तारखेला नो ड्यूजच्या कागदावर सही घेताना, मधले तीन दिवस कुठे होतात हे विचारलं गेलं तर दाखवायला हाच कागद लागतो.